चार दिवसांत उजळवणाऱ्या क्रीममध्ये काय असतं?

प्रश्न: पार्लरवाल्या ताईंनी दिलेली गोरं करणारी नाईट क्रीम तीन महिने लावतेय. पहिल्या आठवड्यातच चेहरा खूप उजळला. आता एक-दोन रात्री लावली नाही तर चेहरा लालबुंद होतो, आग होते, उन्हात जाववत नाही. डबीवर फक्त नाव आणि ‘हर्बल’ लिहिलंय. यात नेमकं काय असेल? बंद करू का?

उत्तर:

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा पहिला संशय स्टेरॉइडवर आहे, आणि तो बराच पक्का आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे निदान त्वचारोगतज्ज्ञांकडूनच करून घ्या. पण अशा क्रीममध्ये काय कालवलेलं असतं आणि ती लावून लोकांचे चेहरे कसे होतात, हे मी काउंटरवरून सतत बघत आलेय.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते ‘पहिल्या आठवड्यातच’. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन वरच्या थराच्या तळाशी तयार होतं आणि तिथून आजूबाजूच्या पेशींमध्ये जातं. या पेशी हळूहळू वर सरकतात आणि शेवटी झडून जातात. या सगळ्याला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की त्याहून जास्त. म्हणजे आजपासून मेलॅनिन कमी बनायला लागलं, तरी आधीच बनलेलं मेलॅनिन महिनाभर चेहऱ्यावर राहणारच. म्हणून मेलॅनिनवर काम करणारा कुठलाही घटक चार दिवसांत फरक दाखवू शकत नाही.

दुकानात मिळणाऱ्या कायदेशीर क्रीमवरचे घटक वाचलेत तर नायासिनामाइड, कोजिक आम्ल, अर्ब्युटिन, ज्येष्ठमधाचा अर्क, व्हिटॅमिन सी अशी नावं दिसतील. नायासिनामाइड मेलॅनिनला वरच्या पेशींमध्ये जाण्यापासून थोडं अडवतं. कोजिक आम्ल आणि अर्ब्युटिन मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमचा वेग कमी करतात. फरक दिसायला महिना-दोन महिने लागतात, तो माफकच असतो, आणि उन्हापासून जपलं नाही तर पुन्हा होतं तसंच. लावल्या लावल्या चेहरा पांढरट दिसतो तो बहुतेकदा टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या पावडरीमुळे, आणि तोंड धुतलं की जातो. यातलं काहीही तुमच्या जन्माच्या रंगाच्या पलीकडे नेत नाही. दंडाच्या आतल्या बाजूचा रंग बघा, तिथे ऊन फारसं लागत नाही. चेहऱ्यावरचा उन्हाचा काळपटपणा उतरून उतरून फार तर तिथवर येईल. त्याहून गोरं करण्याचं आश्वासन कुणी देत असेल तर ते खोटं आहे.

मग आठवड्यात चेहरा उजळतो कशाने? स्टेरॉइडने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ती जागा फिकट पडते. हा परिणाम इतका ठरलेला आहे की कुठलं स्टेरॉइड किती तीव्र हे ठरवताना ते हाताच्या त्वचेवर लावून ती किती पांढरी पडते ते मोजतात. शिवाय पुरळ, खाज, सूज सगळं दबतं, चेहरा एकदम नितळ दिसतो. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशीही मंदावतात, पण ते नंतर. पहिल्या आठवड्यात लोक ज्याला गोरेपणा म्हणतात, तो बराचसा रक्त कमी आल्यामुळे आलेला फिकटपणा असतो.

आता तुमच्या लाल होण्याकडे येते. रोज रात्री आकसून ठेवलेल्या रक्तवाहिन्या, क्रीम चुकली की नेहमीपेक्षा जास्त फुलतात. दाबून ठेवलेली सूजही एकदम वर येते. त्यात त्वचा पातळ झालेली असते, म्हणून ऊन, घाम, साबण, साधं गरम पाणीसुद्धा झोंबतं. माणूस घाबरून पुन्हा तीच क्रीम लावतो, तासाभरात बरं वाटतं, आणि ‘ही क्रीम मला सूट होते, तिच्याशिवाय चेहरा बिघडतो’ असं मनाशी पक्कं होतं. प्रत्यक्षात चेहरा बिघडवलेला असतो त्याच क्रीमने. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं नावच दिलंय, आणि ते आपल्याकडच्याच डॉक्टरांनी दिलंय, कारण असे रुग्ण इथे इतके दिसतात.

हे स्टेरॉइड येतं कुठून? मेडिकलमध्ये मिळणाऱ्या एका साध्या ट्यूबमधून. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के, असं तिघांचं मिश्रण. मूळ कल्पना चांगली होती. १९७५ मध्ये क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने वांगांसाठी असं तिहेरी मिश्रण मांडलं. पुढे अमेरिकेत अशाच एका मिश्रणाला परवानगी मिळाली, त्यात स्टेरॉइड सौम्य होतं, आणि तेही मध्यम ते तीव्र वांगांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ८ आठवड्यांपर्यंतच. आपल्याकडे त्याजागी मोमेटासोनसारखं जास्त तीव्र स्टेरॉइड आलं आणि लोक ती ट्यूब गोरेपणाची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावू लागले. पूर्वी त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडं चिठ्ठीच्या सक्तीतून सुटलेली होती. मार्च २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, तेव्हापासून ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. तरी अनेक काउंटरवरून ती सर्रास जातात, याचा मला राग येतो. आणि पार्लरची ‘फॉर्म्युला क्रीम’ बऱ्याचदा अशीच बनते: साध्या कोल्ड क्रीममध्ये दोन-तीन ट्यूबा पिळायच्या, कधी बीटामेथासोनची, कधी क्लोबेटासोलची, मग थोडा सुगंध घालायचा आणि डबीवर चिकटपट्टी लावायची. क्लोबेटासोल तर सगळ्यात तीव्र गटातलं आहे, ते चेहऱ्यासाठी नाहीच.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा आमच्याकडे आला होता. “काकू, ती पांढऱ्या बॉक्समधली ट्यूब द्या,” म्हणाला. चिठ्ठी मागितली तर नव्हती. ॲकॅडमीत खोलीवरच्या मित्राने सांगितली म्हणे, आणि तो पाच महिने लावत होता. पंधरा ग्रॅमची ट्यूब चेहऱ्याला आणि मानेला नीट लावली तर दोनेक आठवड्यांत संपते, त्यामुळे कोण रोज लावतंय हे आमच्या लगेच लक्षात येतं. ट्यूबलाइटखाली त्याला उभं केलं. गाल लाल, नाकपुड्यांच्या कडेने केसासारख्या बारीक लाल रेषा, हनुवटीवर एकाच आकाराचे बारीक पुरळ, आणि गालांवर दाट लव. साध्या मुरमांत काळे ठिपके, मोठे, छोटे असं सगळं मिसळलेलं असतं. स्टेरॉइडचे मुरूम बहुतेकदा असे एकसारखे दिसतात. सकाळी ग्राउंडवर धावताना तोंडावर तिखट चोळल्यासारखं होतं, म्हणाला. ट्यूब न देता त्याला मिरजेला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी ट्यूब बंद केली, टॅक्रोलिमसचं मलम, मुरमांसाठी गोळ्या, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन दिलं. पहिले दोन आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसत होता, आणि बहुतेक जण इथेच हार मानून पुन्हा ट्यूब घेतात. तो टिकला. लाली जायला तीन-चार महिने लागले. नाकाजवळच्या रेषा पुसट झाल्या, पण गेल्या नाहीत.

म्हणून तुमच्यासाठी: होय, ही क्रीम बंदच करायची आहे, पण एकट्याने सोसत नाही. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि डबी सोबत न्या. काही जणांना ते एकदम थांबवायला सांगतात, काहींना सौम्य औषधावर आणून हळूहळू सोडवतात. तुमच्या बाबतीत काय करायचं ते चेहरा बघूनच ठरेल. तोवर गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड दहा मिनिटं ठेवा आणि बिनसुगंधी मॉइश्चरायझर लावा. फेशियल, ब्लीच, स्क्रब, लिंबू, हळद, बेसन सगळं बंद. क्रीम डोळ्यांजवळ लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण पापण्यांवरचं स्टेरॉइड डोळ्यातला दाब वाढवू शकतं. अंगभर लावत असाल किंवा गरोदर असाल, तर आजच फोन करा.

एक शक्यता अजून आहे, ती पाऱ्याची. पारा मेलॅनिन बनवणारं एन्झाइम बंद पाडतो आणि त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडावर बसतो. अकोल्याच्या एका घरातल्या तिघी जणी, आई आणि दोन मुली, स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेली क्रीम लावून मूत्रपिंडाच्या आजाराने आजारी पडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममध्ये पारा सापडला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी आली होती. केरळमध्येही अशा क्रीम लावणाऱ्यांमध्ये लघवीतून प्रथिनं जाण्याचा आजार आढळलाय. तुमच्या पायांवर, डोळ्यांखाली सूज असेल किंवा लघवीला फेस येत असेल तर लघवीतल्या प्रथिनांची साधी तपासणी करून घ्या. ती स्वस्त आहे आणि कुठल्याही लॅबमध्ये होते.

‘हर्बल’ हा शब्द कुणीही छापू शकतं, त्याला काही अर्थ नाही. खऱ्या सौंदर्यप्रसाधनावर घटकांची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत असते. बाहेरून आणलेलं असेल तर आयात नोंदणीचा क्रमांक असतो. तुमच्या डबीवर यातलं काहीच नाही, तेवढं एक कारणही ती न लावायला पुरेसं आहे. ट्यूबवर ‘Rx’ आणि लाल रेघ असेल तर ते औषध आहे, आणि ‘सोन’ किंवा ‘सोल’ने संपणारी नावं, म्हणजे बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांसारखी, बहुतेक स्टेरॉइडची असतात. डबीवर ‘सोन्या-चांदीला लागू देऊ नका’ असं लिहिलेलं असेल तर पाऱ्याची शंका घ्या. घरी करता येईल अशी स्टेरॉइडची चाचणी नाही, वास किंवा रंगावरून कुणालाही कळत नाही, मलाही नाही.

डबी फेकू मात्र नका. झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते, आणि अशा डबीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. त्याच पार्लरमधून तुमच्या ओळखीतल्या आणखी कुणी ही क्रीम नेली असेल तर त्यांनाही विचारा, चेहरा लाल होतोय का म्हणून.