सासूबाईंशी कामांवरून बैठक कशी घ्यावी?

लग्नाला चार महिने झाले. सकाळच्या कामांवरून सासूबाईंशी रोज कुरबूर होते. घरात बैठक घ्यावी का, कशी?

घ्यावी, पण विषय सकाळच्या डब्यांचा एकच ठेवावा आणि तो तुमच्या यजमानांनी स्वतःच्या आईपुढे मांडावा. सुनेने मांडला की ती तक्रार ठरते. पुण्यात कौटुंबिक समुपदेशन करताना मला दिसते की भांडण पोळ्यांवरून क्वचितच असते. भाजी आदल्या रात्री कोणी निवडायची, कामवाल्या मावशी न आल्यास भांडी कोणाची, हे न ठरल्याने ते पेटते. म्हणून हिंजवडीची बस साडेसातला असेल तर तिथून उलट मोजून प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहावे (यजमानांचेही!), आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बसावे. मात्र मारहाण, धमकी किंवा पैशांची मागणी असेल तर बैठक नको. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्यांकडे जावे.