परिपत्रकातील ‘मतिमंद’, ‘मूकबधिर’ आणि ‘अपंग’ यांच्या जागी काय लिहावे?

प्रश्न: आमच्या शाळेच्या जुन्या परिपत्रकात असे वाक्य आहे: ‘अपंग, मूकबधिर व मतिमंद विद्यार्थ्यांच्या पालकांनी परीक्षेतील सवलतींसाठी प्रमाणपत्र सादर करावे. सदर विद्यार्थी सामान्य विद्यार्थ्यांसोबत बसणार नाहीत.’ तिन्ही शब्द काढून ‘दिव्यांग’ लिहिले तर पुरेल का?

पहिल्या वाक्यापुरते पुरेल, परंतु दुसऱ्या वाक्यातील दोष त्याने जाणार नाही. शिवाय प्रकारांचा उल्लेख करण्याची वेळ येईल, तेव्हा प्रत्येक शब्दाचा स्वतंत्र विचार करावा लागेल.

‘अपंग’ हा शब्द माणसातील उणिवेवरच बोट ठेवतो. ‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर 2015 मध्ये सुचवला आणि नंतर सरकारी व्यवहारात तो स्थिरावला. त्यातील ‘दिव्य’ अनेक दिव्यांग व्यक्तींना खटकतो, कारण त्यांना दैवी गौरव नको असून समान हक्क हवे आहेत. हा आक्षेप मला पटतो. तरीही प्रमाणपत्रावर आणि शासकीय अर्जांवर हाच शब्द असल्यामुळे शाळेच्या परिपत्रकात तोच वापरावा, म्हणजे पालकांचा गोंधळ होणार नाही.

‘मूकबधिर’ हा शब्द अपमानास्पद तर आहेच, पण तो वस्तुस्थितीलाही धरून नाही. ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांच्या स्वरयंत्रात काहीही दोष नसतो. बोली कानावर पडत नसल्यामुळे ती सहजपणे उमलत नाही, एवढेच. आणि सांकेतिक भाषेत बोलणाऱ्या मुलाला मूक म्हणणे तर उघडच चूक आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही श्रवणदोष आणि वाचा व भाषा दोष हे दोन वेगळे प्रकार आहेत. म्हणून ‘कर्णबधिर’ लिहावे, किंवा थोडे ऐकू येत असेल तर ‘ऐकू कमी येणारे’ असे सरळ म्हणावे. ‘अंध’ हा शब्द मात्र बदलण्याची गरज नाही, कारण तो सरळ वर्णन करतो आणि अंध व्यक्ती स्वतःही तो वापरतात.

सर्वाधिक काळजी ‘मतिमंद’ बदलताना घ्यावी लागते. या एका शब्दाखाली पूर्वी अनेक वेगळ्या गोष्टी लोटल्या जात असत. ज्या मुलाला विचार करणे, शिकणे, प्रश्न सोडवणे यांत आणि रोजच्या व्यवहारातही लक्षणीय अडचण येते, त्याच्यासाठी ‘बौद्धिक अक्षमता असलेला विद्यार्थी’ हा शब्दप्रयोग योग्य आहे. परंतु ज्या हुशार मुलाची अडचण केवळ वाचन, लेखन किंवा गणित यांपुरती आहे, त्याच्यासाठी ‘अध्ययन अक्षमता’ आणि ऑटिझम असलेल्या मुलासाठी ‘स्वमग्न’ हे शब्द आहेत. ‘मतिमंद’ खोडून तिघांनाही ‘बौद्धिक अक्षमता’ लिहिले, तर शब्द सभ्य होईल पण माहिती चुकीची होईल, आणि अशी चूक मुलाच्या नोंदीत वर्षानुवर्षे राहू शकते. ‘ग्रस्त’ आणि ‘पीडित’ ही शेपटेही लावू नयेत; ‘असलेला’ पुरेसे आहे.

आता ‘सामान्य विद्यार्थी’. समोर ‘सामान्य’ लिहिले की उरलेली मुले आपोआप असामान्य ठरतात, मग त्यांना आपण कितीही चांगले नाव दिलेले असो. फरक सांगणे भागच असेल, तर ‘दिव्यांग नसलेले’ असे म्हणावे. मात्र तुमच्या वाक्यात तीही गरज नाही. ‘सवलत’ या शब्दाला उपकाराची छटा आहे. लेखनिक किंवा जादा वेळ ही परीक्षा समान पातळीवर देता यावी म्हणून केलेली सोय असते, म्हणून ‘सुविधा’ म्हणावे. मसुदा असा करता येईल:

‘दिव्यांग विद्यार्थ्यांच्या पालकांनी पाल्याला परीक्षेसाठी लागणाऱ्या सुविधेचा (लेखनिक, जादा वेळ, मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका इत्यादी) उल्लेख करून अर्ज करावा व सोबत प्रमाणपत्र जोडावे. आवश्यकता असल्यास स्वतंत्र बैठकव्यवस्था करण्यात येईल.’

येथे कोणत्याही प्रकाराचे नाव घ्यावे लागले नाही, कारण शाळेला परीक्षेच्या दिवशी काय पुरवायचे हे कळणे महत्त्वाचे आहे. या मसुद्यात अधिकृत वाटावे म्हणून ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ हा शब्द घालू नये. कायद्यात त्याचा अर्थ किमान 40 टक्के दिव्यांगत्व असा आहे, आणि लेखनिक केवळ तेवढे दिव्यांगत्व असलेल्यांनाच मिळावा असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. एका विशेषणामुळे पात्र मूल वगळले जाऊ शकते.

संस्थांच्या, कायद्यांच्या आणि जुन्या प्रमाणपत्रांच्या नावांत मात्र फेरफार करू नये. नोंदणीकृत नावात ‘मतिमंद’ किंवा ‘मूकबधिर’ असेल, तर संदर्भ देताना ते जसेच्या तसे लिहावे आणि पुढच्या वाक्यापासून आपले शब्द वापरावेत.