सिकंदरातला 'अल' गेला कुठे?

"'तुझं नशीब सिकंदर आहे' असं आपण म्हणतो, तो सिकंदर म्हणजे अलेक्झांडरच ना? मग नावाच्या सुरुवातीचा 'अल' कुठे गेला? आणि कंदाहार हे नावही त्याच्यावरूनच पडलं असं ऐकलंय, ते खरं का?"

हो, तोच. मूळ ग्रीक नाव अलेक्झांद्रोस: 'अलेक्सो' म्हणजे रक्षण करणे आणि 'आंद्र' म्हणजे पुरुष, माणूस (आपला 'नर' याच कुळातला). यातला 'अल' गिळला अरबांनी. अरबीत 'अल' हे नामाआधी लागणारं उपपद आहे, त्यामुळे अरबी कानाला हे नाव 'अल + क्सांदर' असं दोन तुकड्यांत ऐकू आलं. 'क्स'ची उलटापालट होऊन 'स्क' झाला. अरबीत शब्द जोडाक्षराने सुरू होत नाही, म्हणून आधाराला 'इ' आला. शेवटचा 'ओस' गळाला आणि 'अल-इस्कंदर' तयार झाला. उपपद वाटलेला 'अल' फारसीने सोडून दिला. इस्कंदर, सिकंदर ही रूपं फारसीतून आपल्याकडे आली.

हे अरबी वळणावरच घडलं, याला चांगला पुरावा आहे. इस्लामपूर्व परंपरेच्या पहलवी, म्हणजे मध्य फारसी, ग्रंथांत त्याच्या नावातला 'अल' शाबूत आहे. तिथे त्याला जोडलेलं विशेषण मात्र 'शापित' अशा अर्थाचं आहे, कारण जरथुश्त्री परंपरेत तो धर्मग्रंथ जाळणारा म्हणून ओळखला जातो. नशीब सिकंदर असणं प्रत्येकालाच आवडेल असं नाही!

पण खरी गंमत पुढे आहे. हे नाव भारतात एकदा नाही, दोनदा आलं. सिकंदर ही दुसरी खेप. पहिल्या खेपेत ते अशोकाच्या तेराव्या शिलालेखात 'अलिकसुदर' असं येतं, 'अल'सकट! हा राजा आपला अलेक्झांडर नव्हे, त्याच्यानंतरचा त्याच नावाचा दुसरा. तो एपिरसचा की कोरिंथचा यावर वाद आहे. पालीतल्या मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आपली जन्मभूमी 'अलसंद' सांगतो. ते अलेक्झांड्रियाचं रूप, आणि तिथेही 'अल' जागेवर आहे. म्हणजे प्राकृत बोलणाऱ्यांनी हे नाव अरबांकडून नाही, थेट ग्रीक बोलणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

एवढ्या पूर्वेला ग्रीक बोलणारे आले कुठून? ग्रीसच्या उत्तरेला मॅसिडोनिया. दक्षिणेतले ग्रीक तिथल्या लोकांना अर्धवट रानटीच समजत. इ.स.पू. 336 मध्ये बापाचा, फिलिपचा, खून झाला आणि अलेक्झांडर विसाव्या वर्षी गादीवर बसला. लांब भाल्यांचं तयार सैन्य त्याला बापाकडूनच मिळालं होतं. 334 मध्ये तो आशियात उतरला, 331 मध्ये गौगामेलाला इराणच्या दारयवहूचा निर्णायक पराभव केला आणि 323 मध्ये बाबिलोनला वारला. तेहतिशी पुरी व्हायची होती.

लढायांचा तपशील इथे नको, भाषेकडे वळू. मॅसिडोनियन दरबाराचा कारभार आधीपासूनच अथेन्सच्या ग्रीकमध्ये चाले. तीच भाषा सैन्याबरोबर निघाली. पण छावणीत नाना बोलींचे ग्रीक आणि बिगरग्रीक एकत्र आल्यावर तिचे कंगोरे झिजले. अथेन्सकर समुद्राला 'थालात्ता' म्हणत. सगळीकडे 'थालास्सा' रूढ झालं. द्विवचन गळून पडलं. (आपल्याकडे संस्कृतचं द्विवचन प्राकृतांनी सोडलं, मराठीला ते मिळालंच नाही.) या घासलेल्या ग्रीकला 'कोइने' म्हणतात, म्हणजे 'सामाईक'. इजिप्तपासून उत्तर अफगाणिस्तानाकडच्या बॅक्ट्रियापर्यंत दरबार, बाजार आणि लष्कर यांची ती भाषा झाली. खेड्यापाड्यांत मात्र आरामी, इराणी, इजिप्शियन बोली तशाच चालू राहिल्या.

शहरांबद्दल एक सावधगिरी. अलेक्झांडरने सत्तराहून जास्त शहरं वसवली असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, पण खात्रीने अलेक्झांडरच्या नावावर घालता येतील अशी त्या आकड्याच्या जेमतेम पाव हिश्शाइतकी. त्यातलीही बरीच सुरुवातीला लष्करी ठाणीच होती. जखमी, वयस्कर आणि भाडोत्री ग्रीक सैनिक तिथे मागे ठेवलेले असत, आणि त्यांना तिथे राहायचं नव्हतं! राजा गेल्याचं कळताच बॅक्ट्रियातल्या वसाहतींतले हजारो ग्रीक घराकडे निघाले. त्यांना रोखायला सैन्य धाडावं लागलं आणि त्यात त्यांची कत्तल झाली. ज्याला आपण ग्रीक शहर म्हणू, म्हणजे नाट्यगृह, व्यायामशाळा, सरळ आखलेले रस्ते, ते अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस आणि त्याच्या वारसांच्या काळात उभं राहिलं. अफगाणिस्तानात अमू दर्याकाठी आय खानुमला फ्रेंच उत्खननात असं अख्खं शहर निघालं. तिथे डेल्फीच्या मंदिरातली नीतिवचनं ग्रीकमध्ये दगडावर कोरलेली सापडली. डेल्फी तिथून हजारो किलोमीटर दूर.

आता कंदाहार. तिथलं जुनं शहर म्हणजे अलेक्झांडरने वसवलेलं अराकोसिया प्रांतातलं अलेक्झांड्रिया, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण 'इस्कंदर'चं 'कंदाहार' झालं ही व्युत्पत्ती जितकी गोड, तितकी पक्की नाही. 'गंधार' आणि गोंदोफरेस हा पार्थियन राजा असे आणखी दोन दावेदार आहेत. त्या शेवटच्या 'हार'चा नीट उलगडा सिकंदरवाल्यांना करता येत नाही, म्हणून माझं मत त्यांच्या बाजूने पडत नाही.

नाव राहू द्या, कंदाहारने त्याहून मोलाचं काही दिलं आहे. सेल्युकसने हा मुलूख पाचशे हत्तींच्या मोबदल्यात चंद्रगुप्त मौर्याला दिला होता. तिथे 1958 मध्ये अशोकाचा दुभाषी लेख सापडला: वर ग्रीक, खाली आरामी. त्यात 'पियदसि' झाला आहे 'पियोदास्सेस', आणि 'धम्म'साठी ग्रीक शब्द निवडलाय 'एउसेबेइया', म्हणजे देवाधर्माविषयी, वडीलधाऱ्यांविषयी आदर. ग्रीक अगदी सफाईदार आहे. अलेक्झांडर मरून साठेक वर्षं झाली होती, राज्य मौर्यांचं होतं, तरी राजाला प्रजेशी ग्रीकमध्ये बोलावं लागत होतं.

आणि हा धागा नाशिकपर्यंत येतो. पांडवलेण्यांतल्या सतराव्या लेण्यात दात्याने स्वतःची ओळख दिली आहे: उत्तरेकडचा, दातामिती गावचा योणक, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. 'योणक' म्हणजे यवन. हा शब्द आयोनियावरून इराणी 'यौन'मार्फत, अलेक्झांडरच्याही आधीच पूर्वेकडे आलेला. दातामिती म्हणजे देमेत्रियस या ग्रीक राजाच्या नावाचं शहर, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. माणसाचं नाव भारतीय, बापाचं बौद्ध वळणाचं, लेखाची भाषा प्राकृत; ग्रीक उरलंय ते गावाच्या नावात. आईवडिलांसाठी त्याने लेणं, चैत्यगृह आणि पाण्याच्या पोढ्या खोदवल्या. 'पोढी' हा शब्द लेण्यांतल्या टाक्यासाठी आपण अजून वापरतो.