सहा टक्के, पण कशावर?

"मॅडम, दरवर्षी ठरलेली सहा टक्के वाढ मिळते. पगार दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील? पन्नास हजार झाल्याशिवाय मी लग्नाला उभा राहणार नाही."

एप्रिल उजाडला की असे प्रश्न घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. हा मुलगा डिचोलीचा, वेर्ण्याच्या एका कारखान्यात कामाला. पाच वर्षांपूर्वी 25,000 वर लागलेला.

"तुझा अंदाज काय?"

"शंभर भागिले सहा. सतरा वर्षं."

मी म्हटलं, वाढीवरही वाढ मिळते, ती तू धरलीच नाहीस. पहिल्या वर्षी 1,500 वाढले, तर दुसऱ्या वर्षीची वाढ 26,500 वर, म्हणजे 1,590. तोंडी हिशेबाला 72 ला टक्क्यांनी भागावं: 72 भागिले 6, बारा वर्षं. बाराव्या वाढीनंतर 50,305 होतात. आठ टक्के असते तर नऊ वर्षं. तीन टक्के असते तर चोवीस.

तो खूश होईल असं कुणालाही वाटेल. तो उलट चिडला. "मग पाच वर्षांनी 33,456 हवे होते. मला 30,073 मिळतात. माझंच नशीब असं!"

नशिबावर मी वाद घालत नाही, कागद मागते. मनातली भीती आकड्यांच्या आड लपली असेल तर आधी आकडे उलगडावेत, ही माझी जुनी पद्धत. पुढच्या वेळी तो पगारपत्रक घेऊन आला. तेव्हाच्या 25,000 मध्ये मूळ पगार 15,000 आणि भत्ते 10,000. वाढ फक्त मूळ पगारावर. भत्ते जागचे हललेले नाहीत. 15,000 चे पाच वर्षांत 20,073 झाले, वर तेच 10,000.

"मग पन्नास हजार कधी?"

"मूळ पगार 40,000 झाला की. तूच मांड."

त्याने मोबाइलवर 1.06 ने गुणत नेलं. सोळाव्या वाढीनंतर एकूण 48,105, सतराव्यानंतर 50,392. तो हसायलाच लागला. चुकीच्या हिशेबानं बरोबर उत्तर दिलं होतं! मीही हसले. अशी बैठक रोज होत नाही.

मग मी इतके दिवस राखून ठेवलेला प्रश्न विचारला. "पन्नास हजार हा आकडा कुणी ठरवला?"

बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "मामानं. तेव्हा मी कॉलेजात होतो."

ज्या मुलीशी लग्न करायचं आहे तिला हा आकडा माहीत आहे का, असं विचारल्यावर त्याने मान हलवली: नाही. तिच्याशी बोलणं हा त्याचा गृहपाठ. दुसरा गृहपाठ कंपनीच्या कार्यालयात: वाढ एकूण पगारावर धरता येईल का, आणि नाही तर भत्ते कधी बदलणार? तुम्हीही नेमणूकपत्रात टक्के वाचताना ते कशावर आहेत ते बघा. तिथे लिहिलेलं नसेल, तर सही करण्याआधी लिहून मागा.