आयेल्ट्सच्या टास्क २ मध्ये दोन्ही बाजू व्यवस्थित लिहूनही रायटिंग ६ च्या वर जात नाही. टास्क रिस्पॉन्समध्ये परीक्षक नक्की काय बघतात?

‘दोन्ही बाजू लिहा, सेफ राहाल’ असं सांगणाऱ्या एका क्लासच्या सरांशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून लिहितोय.

माझ्या भाचीला सरावाला विषय होता: शहराच्या मध्यभागात खासगी गाड्यांवर बंदी हा प्रदूषण कमी करण्याचा सर्वांत चांगला उपाय आहे, तुम्ही कितपत सहमत आहात? तिने तीनशेच्या आसपास शब्द लिहिले. धूर, दमा, मग गाडीवाल्यांची गैरसोय, आणि शेवटी ‘दोन्ही बाजूंना फायदे-तोटे आहेत’. इंग्रजी सुरेख. सरांनी सात दिले. मी म्हटलं, सर, यात उत्तर कुठंय?

प्रश्नातली कळ ‘सर्वांत चांगला’ या शब्दांत आहे. बंदी चांगली की वाईट एवढंच सांगून भागत नाही. बससेवा वाढवणं, कारखान्यांचा धूर रोखणं अशा निदान एखाद्या उपायाशी तिची तुलना हवी. भाचीने प्रदूषणावर लिहिलं, प्रश्नावर नाही. परीक्षकांच्या जाहीर निकषांत बँड ५ ला प्रश्नाला अपुरं उत्तर, ६ ला मुख्य भागांना उत्तर पण निष्कर्ष धूसर किंवा तेच ते, आणि ७ ला स्पष्ट, पुढे नेलेली भूमिका असा साधारण फरक आहे. मत कोणतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. अंशतः सहमत असलात तरी चालतं, पण कुठवर आणि का, हे सांगावं लागतं.

सर म्हणाले, ‘मुद्दे चार आहेत की!’ चार होते, प्रत्येकी एका ओळीचे. त्यापेक्षा एकच घ्या: बंदी घातली की गाड्या हद्दीबाहेर उभ्या राहतात, धूर शेजारच्या वस्तीत जातो, म्हणून आधी बस हवी. कारण, परिणाम, निष्कर्ष झालं. याला मुद्दा पुढे नेणं म्हणतात. ‘एका सर्वेक्षणानुसार ८० टक्के लोक’ असली घरी बनवलेली आकडेवारी याची जागा घेत नाही. पाठ केलेली सुरुवात तर परीक्षक लगेच ओळखतो.

खऱ्या परीक्षेत भाचीला रायटिंगमध्ये ६ आले. निकालपत्रावर रायटिंगचा एकच आकडा असतो, त्यामुळे सरांनी खापर व्याकरणावर फोडलं. मला ते आजही पटत नाही.

तुमचा निबंध मी पाहिलेला नाही. टास्क रिस्पॉन्स हा चारांपैकी एकच निकष आहे, तेव्हा तुमचं घोडं भाषेतही अडलेलं असू शकतं. आणि हो, ‘दोन्ही मतांची चर्चा करा आणि तुमचं मत द्या’ असा प्रश्न आला तर दोन्ही बाजू लिहाव्याच लागतात. पण तिथेही मत मागितलेलं असतं, आणि सरांच्या साच्यात त्यासाठी जागाच नाही.