गोळे रस्त्यावर कुणी ठेवले? फेंटनच्या दोन फोटोंबद्दल थोडं

सातारा

प्रिय पोरी,

तू पाठवलेले क्रिमियाच्या युद्धातले फेंटनचे दोन्ही फोटो बघितले आणि त्याखाली लिहिलेलं "सर, हा फेंटन तर सरळ खोटारडा निघाला, प्रदर्शनात याला पहिल्याच बोर्डवर घेते" हे पण वाचलं. सांगलीच्या तुमच्या प्रदर्शनाला अजून वेळ आहे म्हणून लिहायला बसलोय, कारण हा बोर्ड असा लागला तर मला फार वाईट वाटेल. युद्धाचे फोटो वाचायला शिकायचं असेल तर यापेक्षा चांगली जोडी नाही आणि तू ती एका शब्दात संपवतेयस.

आधी घटना नीट लावून घेऊ. क्रिमियाचं युद्ध, रशियाच्या ताब्यातल्या सेव्हास्तोपोलला ब्रिटिश-फ्रेंच फौजांचा वेढा, आणि 23 एप्रिल 1855 ला रॉजर फेंटन हा इंग्रज फोटोग्राफर एका ओढ्यासारख्या खोलगट वाटेवर कॅमेरा लावतो. त्या जागेला सैनिकांनीच 'मृत्यूछायेची दरी' म्हणायला सुरुवात केली होती, बायबलमधल्या ओळीवरून, कारण रशियन तोफांचे गोळे सारखे तिथे येऊन पडायचे. (बालाक्लाव्हाला घोडदळाने जो प्रसिद्ध हल्ला केला ती ही दरी नव्हे. इंटरनेटवर निम्म्या ठिकाणी हा घोळ आहे, तुझ्या बोर्डवर नको.) त्याने एकाच जागेवरून दोन फोटो काढले. एकात गोळे फक्त कडेच्या चरात आहेत आणि रस्ता मोकळा, दुसऱ्यात तेच गोळे रस्त्याभर पसरलेले. जगभर गाजला तो दुसरा.

मग प्रश्न दोन होतात आणि तू ते एकत्र केलेस. पहिला, आधी कुठला काढला? दुसरा, गोळे कुणी हलवले आणि कशासाठी? बऱ्याच लोकांनी न तपासताच धरून चाललं होतं की मोकळा रस्ता आधीचा आणि नंतर फेंटनने फोटो जोरदार व्हावा म्हणून गोळे टाकून घेतले. पण उलटंही होऊ शकत होतं ना, की गोळे रस्त्यावर होते आणि सैनिकांनी ते गोळा करून कडेला केले? पडलेले गोळे परत वापरायला उचलून नेत असत, ही काही कल्पना नव्हे.

2007 मध्ये एरॉल मॉरिस नावाच्या अमेरिकन फिल्ममेकरने हे डोक्यात घेतलं, थेट क्रिमियात जाऊन ती जागा शोधली आणि जाणकारांना दोन्ही फोटो दाखवले. कुणी सावल्या मोजल्या, कुणी ऊन कुठून येतंय ते पाहिलं आणि गंमत बघ, सावल्यांवरून हुशार माणसांनी दोन्ही बाजूंची उत्तरं दिली. शेवटी सुटलं ते गोळ्यांनी नाही, तर उतारावरच्या साध्या दगडांनी. त्याच्या ओळखीतल्या एकाने दोन्ही फोटो एकावर एक ठेवून पाहिले आणि लक्षात आलं की उतारावरचे काही छोटे दगड दोन फोटोंमध्ये जागा बदलतात, आणि गोळे रस्त्यावर असलेल्या फोटोत ते सगळे खाली सरकलेत. कुणीतरी त्या उतारावर चाललं, पायाने दगड सुटले आणि घरंगळले. दगड आपणहून वर चढत नाही, म्हणून मोकळा रस्ता आधी आणि गोळेवाला नंतर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं झालं, म्हणजे क्रमाबाबत तुझा अंदाज बरोबर आहे, पण तो तू पुराव्याने सांगितला नव्हतास.

दुसरा प्रश्न मात्र दगडांनी सुटत नाही. इथे फेंटनने घरी लिहिलेली पत्रं वाच, ती उपलब्ध आहेत. त्यात तो लिहितो की त्या दरीत गोळे इतके पडले होते की त्यांच्यावर पाय न देता चालताच येत नव्हतं. आणि हेही लिहितो की त्याला हवी होती ती जागा अजून साधारण शंभर यार्ड पुढे होती, पण मारा नेमका तिथेच होत होता म्हणून नाइलाजाने अलीकडे थांबावं लागलं. एक गोळा तर गडगडत त्याच्या पायाशी आला, तो त्याने उचलून गाडीत टाकला. दीड तास ते तिथे होते आणि दोन चांगले फोटो मिळाले, एवढंच तो सांगतो, गोळे हलवल्याबद्दल अवाक्षर नाही. आता माझं मत सांगतो, मत म्हणूनच घे. मला वाटतं त्याने किंवा त्याच्या माणसांनी गोळे हलवले असावेत आणि ते हलवून त्याने शंभर यार्ड पुढे जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते अलीकडच्या जागेवर उभं केलं. ते बरोबर केलं असं मी म्हणत नाही, आज बातमीचा फोटो असा काढला तर नोकरी जाईल आणि जायलाच पाहिजे. पण खोटारडा हा शब्द कुठल्या मापाने लावायचा ते ठरवायच्या आधी त्याच्या हातात काय होतं ते बघायला हवं.

त्याच्या हातात वेट प्लेट होती. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, सिल्व्हर नायट्रेटच्या बाथमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, एक्स्पोजर द्यायचं आणि सुकायच्या आत डेव्हलप करायची, म्हणजे हातात जेमतेम काही मिनिटं, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. म्हणून डार्करूम सोबत न्यावी लागायची, आणि त्याने दारूच्या व्यापाऱ्याची जुनी घोडागाडी विकत घेऊन तिचीच डार्करूम केली होती. ती मोठी गाडी दुरून दिसायची आणि रशियन तिच्यावर तोफा डागायचे. सोबत सुमारे 700 काचा होत्या. एक्स्पोजर काही सेकंदांपासून वीसेक सेकंदांपर्यंत. आता तूच सांग, वीस सेकंदात पळणारा माणूस फोटोत कसा येणार? तो येतच नाही, धूसर रेघ उरते फार तर. म्हणून फेंटनच्या साडेतीनशेच्या वर फोटोंमध्ये लढाई कुठेच नाही. छावणी आहे, बंदर आहे, तंबूसमोर बसलेले अधिकारी आहेत, आपल्या अपशिंगे मिलिटरी गावात घराघरात भिंतीवर युनिफॉर्ममधला आजोबांचा फोटो असतो ना, ताठ, कॅमेऱ्याकडे बघणारा, तसे.

पण सगळंच तंत्राच्या गळ्यात घालू नकोस. मेलेला माणूस हलत नाही, त्याचा फोटो वीस सेकंदात सहज येतो. फेंटनने रणांगणावर उघडे पडलेले सांगाडे पाहिले होते, पत्रात लिहिलं, पण फोटो काढला नाही. का, तर त्याला पाठवणारा मँचेस्टरचा प्रकाशक होता, थॉमस अ‍ॅग्न्यू, त्याला प्रिंट विकायच्या होत्या आणि दिवाणखान्यात लावायला कुणी प्रेत विकत घेत नाही. वर व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्टची शिफारसपत्रं खिशात, त्यामुळे सेनापतींच्या छावणीत आगतस्वागत. सरकारने प्रचारासाठी पाठवलं असं सर्रास लिहिलेलं सापडतं, पण पैसे प्रकाशकाचे होते हे लक्षात ठेव. न सांगताच माणूस मर्यादेत राहतो, त्याला हुकूम लागत नाही.

याच्या शेजारी विल्यम हॉवर्ड रसेलला ठेव, 'द टाइम्स'चा बातमीदार, मग फरक दिसेल. 25 ऑक्टोबर 1854 ची बालाक्लाव्हाची लढाई त्याने वरच्या टेकाडावरून पाहिली आणि ती बातमी लंडनला छापून आली 14 नोव्हेंबरला, वीस दिवसांनी. घोडदळाचा तो हल्ला लोकांच्या डोक्यात शौर्यगाथा म्हणून बसला त्यात या बातमीचा मोठा वाटा आहे, म्हणजे रसेलसुद्धा नुसता कडू लिहायचा असं नाही. पण हिवाळा आला तसं तो लिहू लागला की गरम कपडे नाहीत, तंबूत चिखल, कॉलऱ्याने माणसं मरतायत आणि बंदरात सामान सडतंय. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लनने त्याला जवळ उभं केलं नाही, त्याला सैन्याचं रेशनसुद्धा हक्काने मिळत नव्हतं. तरी त्या बातम्यांनी आणि 'टाइम्स'च्याच कॉन्स्टँटिनोपलच्या बातमीदाराने स्कुटारीच्या हॉस्पिटलबद्दल लिहिलेल्या मजकुराने इंग्लंड इतकं पेटलं की लोकांनी पैसे जमवले, फ्लोरेन्स नाइटिंगेल तर हिवाळ्याआधीच निघाली होती आणि 1855 च्या जानेवारीअखेर पंतप्रधान अ‍ॅबरडीनचं सरकार पडलं. फेंटन पोचला मार्चमध्ये. म्हणजे वाचणाऱ्या लोकांच्या मनात रसेलचा चिखल होता, आणि प्रदर्शनात बघायला मिळाली ती फेंटनची नीटनेटकी छावणी. आणखी एक, त्या काळी पेपरात फोटो छापताच येत नव्हता, चित्रकार फोटोवरून लाकडी ठसा कोरायचा आणि ते चित्र छापलं जायचं, त्यामुळे फोटो फोटो म्हणून बघणारे लोक थोडे आणि रसेलचे वाचक प्रचंड. सरकार शब्दांनी पडलं, फोटोने नाही, हे तुझ्या बोर्डवर कुठेतरी यायला पाहिजे.

आता दुसरा बोर्ड सुचवतो. सेव्हास्तोपोल पडल्यावर तिथे फोटो काढणारा फेलिचे बेआतो 1858 मध्ये लखनौला आला, रसेलही त्याच वर्षी लखनौच्या मोहिमेबरोबर होता. लखनौच्या सिकंदर बागेत 1857 च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रजी फौजेने सुमारे 2000 शिपाई मारले होते. बेआतोचा तिथला फोटो तू पाहिला असशील, पडकी इमारत, पुढे अंगणात कवट्या-हाडं विखुरलेली, काही हिंदी माणसं आणि घोडा. पण कत्तलीला तोवर काही महिने होऊन गेले होते. एका इंग्रज अधिकाऱ्याने आठवणींत लिहून ठेवलंय की प्रेतं झाकून झाली होती आणि फोटोग्राफरने हट्टाने ती उघडी करायला लावली.

आता हे फेंटनशेजारी ठेवून बघ. आपल्या माणसांची हाडं फेंटनने टाळली, शत्रूची हाडं बेआतोने उकरून मांडली. मेलेला माणूस दोघांच्याही काचेवर सहज आला असता, म्हणजे फरक तंत्राचा नव्हता, गिऱ्हाईक कोण आणि मेलेला कोण याचा होता. मला विचारशील तर गोळे हलवण्यापेक्षा हे हलवणं कितीतरी गंभीर आहे, कारण ज्यांची ती हाडं होती त्यांच्या घरच्यांना तो फोटो कधी दिसणारही नव्हता, तो विलायतेत विजयाची खूण म्हणून बघितला जाणार होता. आणि एकाच वेळी तो खराही आहे, माणसं तिथे खरंच मेली होती. त्या हत्याकांडाची दुसरी छायाचित्रं आपल्याकडे जवळपास नाहीत, त्यामुळे तो फेकूनही देता येत नाही.

तर बोर्ड असे कर. फेंटनचे दोन्ही फोटो एकाच मापात प्रिंट काढ, शेजारी शेजारी लाव, उतारावरचे सरकलेले दगड दोन्हीत लाल गोलाने दाखव, मोठे करून. सांगलीत डिजिटल प्रिंटवाला हे सहज करून देईल, फक्त फाइल मोठी उतरवून घे, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फेंटनचे फोटो मोठ्या साइजमध्ये मिळतात, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ते दगड दिसणारच नाहीत. खाली लिही की मोकळ्या रस्त्याचा फोटो आधीचा, आणि गोळे कुणी हलवले याची कुठेच नोंद नाही. खोटारडा हा शब्द काढ. बेआतोच्या फोटोखाली फोटो केव्हा काढला आणि कत्तल केव्हा झाली या दोन तारखा वेगवेगळ्या लिही, त्याशिवाय तो फोटो लावू नकोस. मजकूर झाला की मला पाठव, छापायच्या आधी एकदा बघतो.

तुझा,
सर