कच्च्या पपईने मटण मऊ होते आणि अननसाने जीभ चुरचुरते, याचे कारण एकच आहे का?

प्रश्न : «मटणाला कच्च्या पपईचा गर लावला की ते लवकर शिजतं आणि अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते. दोन्हींमागे एकच कारण आहे का? असेल तर पिकलेली पपई कितीही खाल्ली तरी काही का होत नाही?»

कारण बऱ्याच अंशी एकच आहे, मात्र अननसाच्या बाबतीत त्याला आणखी दोन गोष्टींची जोड मिळते. मी कोल्हापुरात जीवरसायनशास्त्र शिकवतो आणि इथे प्रत्येक घरात मटण शिजत असल्यामुळे हा विषय वर्गात मटणापासूनच सुरू करतो. इथेही तसेच करतो.

कच्च्या पपईला चीर दिली की जो पांढरा चीक टपकतो, त्यात प्रथिने तोडणारे पपेन नावाचे एंझाइम असते. फळ शाबूत असते तोवर ते निष्क्रिय रूपात चीकवाहिन्यांत साठवलेले असते. साल चिरल्यावर त्याचा एक तुकडा गळून पडतो आणि ते काही मिनिटांतच कामाला लागते. पपेन हेही एक प्रथिनच आहे, 212 अमिनो आम्लांची साखळी विशिष्ट घडी घालून तयार झालेले. त्या घडीत एक खाच असते आणि खाचेत 25 व्या क्रमांकाचे सिस्टीन व 159 व्या क्रमांकाचे हिस्टिडिन समोरासमोर येतात. सिस्टीनमधील गंधकाचा अणू समोर आलेल्या प्रथिनाच्या बंधावर हल्ला करतो, बंध तुटतो, मग पाण्याचा एक रेणू येऊन तुटलेला तुकडा मोकळा करतो आणि खाच पुढच्या बंधासाठी रिकामी होते. एंझाइम स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून थोडासा चीकही पुष्कळ काम करतो. अननसातील ब्रोमेलेन याच कुळातले आहे आणि त्याची कात्रीही सिस्टीनचीच आहे.

आता एक किलो जून मटण घ्या आणि त्याला सालीसकट वाटलेल्या कच्च्या पपईचे दोन मोठे चमचे लावा. साल टाकून देऊ नये, कारण चीक मुख्यतः सालीत आणि तिच्या लगतच्या थरात असतो. तासभर ठेवल्यावर बाहेरून बोट लावले तर पृष्ठभाग किंचित बुळबुळीत लागतो. तिथल्या स्नायूतंतूंची प्रथिने तुटू लागल्याची ती खूण आहे. मात्र एंझाइमचा रेणू मोठा असतो आणि तो मांसात काही मिलिमीटरच्या पलीकडे सहसा शिरत नाही. म्हणून रात्रभर मुरवून ठेवल्याने आतला भाग मऊ होत नाही, वरचा मात्र पीठ झाल्यासारखा होतो. तुकडे लहान असावेत आणि गर मोजकाच लावावा, असे माझे ठाम मत आहे.

शिवाय खरे काम मुरवताना नव्हे, तर पातेले आचेवर चढल्यावर होते. जून मटणाचा चिवटपणा मुख्यतः कोलॅजन या प्रथिनामुळे असतो. कोलॅजनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती घट्ट पिळलेल्या असतात आणि त्या पिळात पपेनला बंध सापडत नाही. मांस 60 ते 65 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की हा पीळ सुटू लागतो आणि नेमक्या त्याच तापमानाला पपेनही सर्वात चपळ असते. त्यामुळे मंद आचेवर हळूहळू तापणाऱ्या मटणावर पपईचा परिणाम स्पष्ट दिसतो. थेट रटरटत्या रश्श्यात टाकलेल्या तुकड्यांवर तो फार थोडा होतो, कारण तो टप्पा झटकन ओलांडला जातो. पुढे रस्सा उकळत राहिला की पपेनची घडी विस्कटते आणि काम थांबते, म्हणून शिजलेल्या मटणाने तोंड चुरचुरत नाही.

तोंडात नेमके काय होते? जिभेवर आणि गालांच्या आतल्या बाजूला लाळेचा चिकट थर असतो. त्यातील म्युसिन हे प्रथिनयुक्त द्रव्य ब्रोमेलेनला आयतेच सापडते. तो थर विरळ झाला की वरच्या पेशी उघड्या पडतात आणि अननसातील आम्ल तिथल्या संवेदनशील टोकांपर्यंत पोचते. याला जोड मिळते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांची. अळूचे पान कच्चे राहिले तर घशाला खाज सुटते, ती याच प्रकारच्या सुयांमुळे. सुईने पडलेल्या छिद्रातून एंझाइम आणि आम्ल आत शिरतात, आणि अशी तिघांची एकत्र करणी झाली की दुखणे नुसत्या आम्लाच्या दुखण्याहून वेगळे जाणवते.

या तिघांत एंझाइमचा वाटा मोठा आहे, असे मानायला एक चांगला आधार आहे. डब्यातला अननस तापवून बंद केलेला असतो. त्यात आम्ल शिल्लक असते, सुयाही उष्णतेने विरघळत नाहीत, तरीही तो सहसा चुरचुरत नाही; नष्ट झालेले असते ते ब्रोमेलेन.

पिकलेल्या पपईचे उत्तर यातच आहे. पपई पिकते तसा तिच्यातला चीक कमी होत जातो आणि पूर्ण पिकलेल्या गरात पपेन नगण्य उरते. शिवाय तिचा गर अननसासारखा आंबट नसतो. अननसाचे तसे नाही, पिकलेल्या फळातही ब्रोमेलेन टिकून असते, आणि मधल्या टणक दांड्यात ते गरापेक्षा जास्त असते. म्हणून दांडा काढून टाकल्यास त्रास काहीसा कमी होतो. मिठाने एंझाइम मरत नाही आणि फ्रीजरमध्ये गोठवूनही ते टिकते. खात्रीचा उपाय उष्णतेचाच: फोडी साखरेबरोबर उकळी येईपर्यंत तापवून मंद आचेवर काही मिनिटे ठेवल्या की पुरते.

श्रीखंडात किंवा दह्यात कच्चा अननस घालू नये, हेही याचमुळे. ब्रोमेलेन दुधातल्या केसीन या प्रथिनाचे लहान लहान तुकडे करते आणि त्यांतले काही कडू असतात, म्हणून काही तासांत दही पातळ आणि कडवट होते. अननसाच्या शिऱ्याला हा धोका नाही, कारण फोडी त्यात शिजतात.

घरी पडताळायचे असेल तर अननसाचा रस दुधात घालून पाहू नका, कारण त्याचे आम्लही दूध फाडते आणि निष्कर्ष चुकतो. त्याऐवजी जिलेटिन आणि चायना ग्रास यांच्या दोन वाट्या तयार करून दोन्हींत कच्च्या अननसाचा सारखाच रस घाला. जिलेटिन हे कोलॅजनपासून बनलेले प्रथिन असल्यामुळे ते घट्ट होणार नाही. चायना ग्रास हे समुद्री शैवालातले कर्बोदक असल्यामुळे ते सहसा नेहमीप्रमाणे गोठेल. तिसऱ्या वाटीत जिलेटिनमध्ये उकळून गार केलेला रस घातला तर तेही गोठते. आम्ल तिन्ही वाट्यांत जवळपास सारखेच असल्यामुळे फरक एंझाइमचाच उरतो.

एक काळजी मात्र घ्यावी. साधी चुरचुर वरच्या पेशींपुरती असते आणि त्या पेशी लवकर नव्याने येत असल्यामुळे ती आपोआप जाते; परंतु ओठ किंवा घसा सुजला, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर ती ॲलर्जी असू शकते आणि तिथे तातडीने डॉक्टरच हवेत. रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्यांना पपईच्या चिकाचाही त्रास होऊ शकतो, म्हणून अशा व्यक्तींनी कच्ची पपई स्वतः चिरू नये.